शेक आणि बर्फ : त्वचेवर कितपत विसंबावें?

परिचर्येच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत टेबलावर मांडलेलें साहित्य पाहिलें, तर तें कोणत्याही घरांतील कपाटांत सांपडण्यासारखेंच असतें. एक रबरी पिशवी, तिची फ्लॅनेलची खोळ, पाण्याचें भांडें आणि एक टॉवेल. घरांत सहसा न सांपडणारी वस्तु एकच. ती म्हणजे पाण्याचें उष्णतामान मोजण्याचा थर्मामीटर. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीला हमखास विचारला जाणारा प्रश्नही याच वस्तूविषयीं असतो : पाणी किती अंशांचें घेतलें? "हात लावून पाहिलें, सोसवेल इतकेंच होतें," हें उत्तर घरांत चालतें. परीक्षेंत त्याला गुण मिळत नाहींत. ते कां मिळत नाहींत, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे शेक केव्हां द्यावा, बर्फ केव्हां ठेवावा, आणि दोहोंपासून केव्हां दूर राहावें, हे नियम पाठ करावे लागत नाहींत.

तीन भांडीं घ्यावींत. पहिल्यांत सोसवेल इतकें गरम पाणी, तिसऱ्यांत बर्फ घातलेलें पाणी आणि मधल्यांत कोमट पाणी ठेवावें. उजवा हात गरम पाण्यांत आणि डावा थंड पाण्यांत मिनिटभर बुडवून, मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यांत घालावेत. तेंच पाणी उजव्या हाताला थंड आणि डाव्या हाताला ऊन लागतें. एकाच पाण्याविषयीं दोन हात दोन साक्षी कशा देतात, याचा उल्लेख इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९० सालच्या आपल्या ग्रंथांत केला होता. याचें कारण असें कीं, त्वचेंतील मज्जातंतूंचीं टोकें उष्णतामान किती आहे यापेक्षां तें किती बदललें हेंच अधिक जोरानें कळवितात. बदल थांबला कीं जाणीव बोथट होते. पिशवी ठेवल्यावर दहा मिनिटांनीं रोगी जेव्हां "आतां कांहींच लागत नाहीं, जरा आणखी गरम पाणी घाला" असें म्हणतो, तेव्हां पिशवी फारशी निवालेली नसते. त्वचाच तिला सरावलेली असते. रोग्याची ही मागणी पुरवीत गेल्यानें घडणारे अपघात थोडेथोडके नाहींत.

अतिरेक झाल्यास ओरडून सांगणारा एक पहारेकरी मात्र त्वचेंत आहे. सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या पुढें वेदना पोंचविणाऱ्या मज्जातंतूंवरील एक विशिष्ट द्वार उघडतें आणि ऊन लागण्याऐवजीं भाजूं लागतें. या द्वाराचा शोध १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनीं लावला. मिरचींतील तिखट द्रव्यानेंही तेंच द्वार उघडतें. मिरचीनें तोंड "भाजतें" असें आपण म्हणतों तें केवळ अलंकारिक नाहीं. ज्युलियस यांना २०२१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें अशा शोधांबद्दलच. व्यवहारांतील अर्थ इतकाच कीं, जोंवर हा पहारेकरी जागा आहे तोंवर निरोगी माणूस पाय मागें घेतो. तो झोंपला असेल, किंवा माणसाला पाय मागें घेतां येत नसेल, तर थर्मामीटर आणि घड्याळ यांखेरीज दुसरा रक्षक उरत नाहीं.

आतां उष्णता शरीरांत काय करिते तें पाहूं. शेकाखालील बारीक रक्तवाहिन्या विस्फारतात, त्या भागांत अधिक रक्त येतें, आखडलेले स्नायु सैल पडतात आणि दुखणें कमी होतें. ही क्रिया वीस ते तीस मिनिटांत पूर्णत्वास पोंचते. त्यापुढें शेक तसाच चालूं ठेवला, तर विस्फारलेल्या रक्तवाहिन्या उलट आकुंचन पावूं लागतात. ज्या लाभासाठीं शेक दिला तो संपतो आणि भाजण्याचा धोका तेवढा शिल्लक राहतो. कारण त्वचेंत शिरलेली उष्णता वाहून नेण्याचें काम रक्तच करीत असतें. म्हणून शेक वीस ते तीस मिनिटांनीं काढावयाचा आणि पुन्हां द्यावयाचा असल्यास मध्यें तासभर तरी विश्रांति द्यावयाची, हा नियम आहे. रात्रभर उशाशीं किंवा पायांशीं पिशवी घेऊन झोंपणें हा त्या नियमाचा पुरा भंग होय.

किती उष्णतेनें किती वेळांत भाजतें, याचा पद्धतशीर अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील दोनच आंकडे लक्षांत ठेवावे. उघड्या त्वचेला ४४ अंशांचा सतत स्पर्श राहिला तर ती खोलवर भाजण्यास सुमारें सहा तास लागतात. ६० अंशांवर त्याच इजेला सुमारें पांच सेकंद पुरतात. म्हणजे अवघ्या सोळा अंशांच्या फरकानें तासांचे सेकंद होतात. तेव्हां "किती गरम?" आणि "किती वेळ?" हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

पिशवीसाठीं जीं उष्णतामानें परिचर्येच्या पुस्तकांत दिलेलीं असतात, तीं या दृष्टीनें वाचावींत. शुद्धीवर असलेल्या, धडधाकट प्रौढासाठीं पिशवींतील पाणी ४६ ते ५२ अंश सेल्सिअस, म्हणजे जुन्या मापानें ११५ ते १२५ अंश फारनहीट असावें. अशक्त किंवा बेशुद्ध रोगी आणि दोन वर्षांखालील मूल यांच्यासाठीं ही मर्यादा ४०॥ ते ४६ अंशांवर आणिली आहे. येथें चाणाक्ष वाचकाला शंका येईल कीं, ५२ अंशांनीं त्वचा कांहीं मिनिटांतच भाजावयास हवी, मग ही मर्यादा सुरक्षित कशी? उत्तर असें कीं, हें उष्णतामान पाण्याचें आहे, त्वचेचें नव्हे. मध्यें रबर असतें, फ्लॅनेलची खोळ असते, खोळीच्या धाग्यांत अडकलेली हवा असते. शिवाय पाणी हळूहळू निवत असतें आणि वाहतें रक्त उष्णता दूर नेत असतें. यांपैकीं एक जरी आधार निसटला तरी हिशेब चुकतो. खोळ ओली झाली तर हवेची जागा पाणी घेतें, आणि पाण्यांतून उष्णता हवेच्या वीसपटींहून अधिक सुलभतेनें वाहते. म्हणूनच पिशवीचें झांकण गळतें का हें पाहण्याचा परीक्षेंत आग्रह असतो. गादी भिजेल ही भीति त्यांत दुय्यम आहे.

थर्मामीटरची गरज किती खरी आहे, हें साध्या गणितानें पटेल. एक भाग उकळतें पाणी आणि दोन भाग नळाचें पाणी मिसळावें, असा एक अंदाज घरोघर चालतो. नळाचें पाणी २५ अंशांचें असेल तर या मिश्रणाचें उष्णतामान बरोबर ५० अंश होतें, आणि अंदाज खरा ठरतो. डिसेंबरांत पहांटे नळाचें पाणी १५ अंशांचें असलें तर तेंच मिश्रण सुमारें ४३ अंशांचें होतें. शेक मंद पडतो, इतकेंच. पण नागपुरांत मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकींतून येणारें पाणी ४० अंशांचें असेल, तर त्याच मापानें ६० अंश भरतात. म्हणजे पांच सेकंदांत भाजणारें पाणी तयार होतें. करणाराची रीत तीच, भांडें तेंच, पण ऋतु बदलल्याबरोबर औषधाचें अपायांत रूपांतर होतें. या मोजणीस तापाचा थर्मामीटर उपयोगी नाहीं. त्याचें माप ४२ अंशांच्या आसपास संपतें आणि पारा असलेला असल्यास तो फुटतोही. रुग्णालयांत ज्याला लोशन थर्मामीटर म्हणतात तो, किंवा स्नानाचें पाणी मोजण्याचा थर्मामीटर, यासाठीं हवा. पाणी ढवळून मग मापावें. न ढवळल्यास वरचा थर खालच्याहून अधिक गरम असतो.

यानंतरची कृति थोडक्यांत सांगतां येते, कारण प्रत्येक पायरीचें कारण वर आलेलें आहे. प्रथम वैद्याची सूचना पाहावी, रोग्याला काय करणार तें सांगावें आणि शेकावयाच्या जागेची त्वचा पाहावी : ती लाल, फिकट, सुजलेली किंवा फुटलेली तर नाहीं ना? मग रोग्याला त्या जागीं ऊन आणि गार यांतील फरक कळतो का, हें कोमट व गार पाण्याच्या नळ्या लावून तपासावें. पिशवी सुमारें दोन तृतीयांश भरावी. ती सपाट ठेवून पाणी तोंडापर्यंत येईतों दाबावी, म्हणजे आंतील हवा निघून जाते आणि पिशवी अंगाच्या आकाराप्रमाणें बसते. झांकण घट्ट लावून ती उलटी धरावी, बाहेरून पुसावी आणि खोळींत घालावी. ती शरीराच्या वर किंवा बाजूला ठेवावी. रोग्याला तिच्यावर निजवूं नये. अंगाच्या भारानें त्वचेंतील रक्त दाबून बाहेर जातें, मग उष्णता वाहून न्यावयाला कोणी राहत नाहीं. ठेवल्याची वेळ लिहावी आणि पांच मिनिटांनीं खोळ उचलून त्वचा पाहावी. हलकी गुलाबी छटा ही अपेक्षित खूण होय. गडद लाली, डागाळलेला रंग, फोड, किंवा रोग्याची "चुरचुरतें" अशी तक्रार यांपैकीं कांहींही दिसतांच पिशवी काढावी.

आतां एक उदाहरण पुरतेपणीं पाहूं. परीक्षेंत विद्यार्थिनीपुढें अशी परिस्थिति ठेवितात, समजा : अडुसष्ट वर्षांच्या एक बाई पंधरा वर्षें मधुमेहानें आजारी आहेत. थंडीची रात्र आहे. पाय गार पडले आहेत म्हणून त्या पायांशीं गरम पाण्याची पिशवी मागत आहेत. बाई शुद्धीवर आहेत, स्वच्छ बोलत आहेत, तेव्हां ४६ ते ५२ अंशांचें पाणी भरावें, असें पाठांतरावर विसंबलेली विद्यार्थिनी म्हणेल. जाणती विद्यार्थिनी आधीं विचारील, "आजी, चालतांना पायांतली चप्पल निसटली तर तुम्हांला कळतें का?" त्यावर बाई म्हणतील, "नाहीं ग बाई, मागें वळून पाहावें तेव्हां समजतें." या एका उत्तरानें पिशवीचा प्रश्न निकालांत निघतो. दीर्घकाळच्या मधुमेहानें पायांचे मज्जातंतु क्षीण झाले आहेत. वर सांगितलेला पहारेकरी तेथें झोंपला आहे.

परंतु अपायाचें कारण तेवढेंच नाहीं. अशा रोग्याच्या पायांच्या रक्तवाहिन्याही बहुधा अरुंद झालेल्या असतात, आणि पाय गार लागतात ते कित्येकदां त्यामुळेंच. उष्णतामान एका अंशानें वाढलें कीं पेशींचा प्राणवायूचा खर्च सुमारें दशांशानें वाढतो. निरोगी पायांत रक्तवाहिन्या विस्फारून ही वाढीव मागणी पुरवितात. येथें त्यांना विस्फारतां येत नाहीं. म्हणजे शेकानें मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो, आणि उष्णता वाहून नेणारें रक्तही अपुरें पडतें. परिणामीं दुसऱ्या माणसाला निव्वळ ऊबदार वाटणाऱ्या पिशवीनें या पायाच्या टांचेवर किंवा अंगठ्यावर फोड येतो. तो दुखत नाहीं, म्हणून सकाळपर्यंत, कधीं दोनतीन दिवसही कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्या फोडाची जखम होते, ती चिघळते आणि प्रसंगीं बोट कापण्याची वेळ येते. तेव्हां परीक्षेंतील बिनचूक उत्तर असें : पिशवी द्यावयाची नाहीं, वैद्याला कळवावयाचें, पायांच्या नाड्या आणि त्वचा पाहावयाची, सैल लोकरी मोजे आणि जादा पांघरूण द्यावयाचें. अंथरूणच ऊबदार हवें असेल तर पिशवी आधीं अंथरुणांत ठेवावी आणि बाई निजण्यापूर्वी बाहेर काढावी. असे अपघात टाळण्यासाठींच कांहीं रुग्णालयांत आतां रोग्याजवळ ही पिशवी ठेवूंच देत नाहींत. कुष्ठरोगानें बधिर झालेला हात, अर्धांगानें लुळा पडलेला पाय, शस्त्रक्रियेसाठीं कमरेखालचा भाग बधिर केलेला रोगी आणि मद्याच्या अंमलाखालील माणूस, या सर्वांना हाच न्याय लागूं पडतो.

शेकाचे इतर निषेध एका प्रश्नांत सामावतात : येथें अधिक रक्त आलें तर काय होईल? पाय मुरगळून नुकताच सुजला असेल, तर फुटलेल्या बारीक वाहिन्यांतून रक्त पाझरत असतें; शेकानें तें अधिक पाझरेल. म्हणून पहिले दोन दिवस शेक नाहीं. रक्तस्राव चालू असतां तर नाहींच. कर्करोगाच्या गांठीवरही शेक देऊं नये. आणि घरांत सर्वांत जपून राहावयाचें तें पोटदुखीच्या बाबतींत. दुखणें बेंबीभोंवतीं सुरू होऊन कांहीं तासांनीं उजवीकडे खालीं सरकलें, सोबत मळमळ आणि थोडा ताप असला, तर तो आंत्रपुच्छाचा दाह असूं शकतो. तेथें शेक दिला तर सुजलेलें आंत्रपुच्छ फुटण्याची भीति असते, शिवाय दुखणें तात्पुरतें दबून निदानास उशीर होतो. अशा पोटावर पिशवी ठेवण्याऐवजीं वैद्याकडे जाण्याची त्वरा करावी.

थंडीचें कार्य उष्णतेच्या उलट आहे. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पाझर कमी होतो, मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश मंद चालतो. नुकत्या मुरगळलेल्या घोट्यावर बर्फ ठेवितात तो यासाठीं. पण येथेंही एक उलटी बाजू आहे. त्वचेचें उष्णतामान सुमारें १५ अंशांपर्यंत उतरेतों आकुंचन वाढत जातें. त्याखालीं गेल्यावर शरीर स्वतःच्या रक्षणासाठीं वाहिन्या पुन्हां उघडूं लागतें. बर्फाच्या पाण्यांत बुडविलेलें बोट पांचदहा मिनिटांनीं आपोआप ऊन होतें, पुन्हां गार होतें, पुन्हां ऊन होतें, असें इंग्लंडमधील वैद्य टॉमस लुईस यांनीं १९३० सालीं दाखविलें. तेव्हां बर्फ अधिक वेळ ठेविल्यानें गुण अधिक येत नाहीं. पंधरा ते वीस मिनिटें पुरेशीं असतात.

बर्फाच्या पिशवीची कृति जवळजवळ तीच आहे. बर्फाचे आक्रोडाएवढे तुकडे करून त्यांवर पाणी ओतावें, म्हणजे टोंकदार कडा विरघळतात. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरावी, हवा काढावी, खोळ घालावी. बर्फ त्वचेवर उघडा कधींही ठेवूं नये. रोग्याला आधीं गार लागतें, मग जळजळतें, मग ठणकतें आणि शेवटीं बधिरता येते. बधिरता आली कीं पिशवी काढावी. त्वचा पांढरीफटक, निळसर किंवा जाळीदार डागांची दिसली, किंवा रोगी कुडकुडूं लागला, तर वेळ पुरी होण्याची वाट पाहूं नये. कुडकुडण्यानें स्नायु उलट उष्णता निर्माण करितात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, खालीं जें हाड हाताला लागतें, तेथें एक मोठा मज्जातंतु त्वचेच्या अगदीं जवळून जातो. त्यावर बर्फ दाबून बराच वेळ बांधल्यानें पाऊल उचलतां न येण्याचे प्रकार घडलेले आहेत.

बर्फाचे निषेधही एका प्रश्नानें ओळखावेत : येथें रक्त आणखी कमी झालें तर चालेल काय? ज्यांच्या पायांना मुळांतच रक्त कमी पोंचतें, थंडीनें ज्यांचीं बोटें पांढरीं पडतात, ज्यांना थंडीनें अंगावर गांधी उठतात, ज्यांना सिकल सेलचा रक्तविकार आहे, आणि ज्यांची जखम उघडी असून भरून येण्यासाठीं तिला रक्ताची गरज आहे, त्यांना बर्फ वर्ज्य आहे. बधिर त्वचेला शेक जसा नको तसाच बर्फही नको.

काम संपल्यावर परीक्षेंत विद्यार्थिनीनें चार गोष्टी लिहून ठेवावयाच्या असतात : कोठें ठेविलें, पाणी किती अंशांचें होतें किंवा बर्फ होता, किती वाजतां ठेविलें व काढिलें, आणि आधीं व नंतर त्वचा कशी होती. घरीं ही नोंद कोणी ठेवीत नाहीं. पण पिशवी काढल्यावर दिव्याजवळ नेऊन त्वचा पाहणें घरींही जमण्यासारखें आहे. लाली पांच-दहा मिनिटांत मावळली तर ठीक. ती टिकून राहिली किंवा फोड दिसला, तर त्या जागेवर वीस मिनिटें नळाचें साधें वाहतें पाणी सोडावें, फोड फोडूं नये, त्यावर तूप, शाई किंवा दंतमंजन लावूं नये, आणि रोगी मधुमेही असल्यास दुखत नसलें तरीही त्याच दिवशीं वैद्याला दाखवावें.